पाय सहा आठवडे जमिनीला लागणार नाही: या काळात वजन कसं सांभाळायचं

घोटा किंवा नडगीचं हाड मोडलं आणि डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे या पायावर अजिबात भार द्यायचा नाही," की हाड कधी जुळेल हे विचारून झाल्यावर बहुतेकांच्या मनात दुसरा प्रश्न येतो तो वजनाचा. मी आहारतज्ज्ञ आहे आणि फिजिओथेरपिस्टबरोबर अशाच लोकांसाठी काम करते. या प्रश्नावर लोक दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाबरून पहिल्याच दिवसापासून जेवण निम्मं करतात. काही जण "आता हलताच येत नाही, तर वजन वाढणारच" असं धरून लक्ष देणं सोडतात. दोघांनाही एक गोष्ट माहीत नसते. बसून राहिल्यामुळे जो फरक पडतो तो त्यांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो, आणि तो मोजता येतो.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून करू. उदाहरणाला एका बाईंची गोष्ट घेते. वय ४६, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७२ किलो. शिकवण्याची नोकरी, म्हणजे दिवसाचा बराच वेळ उभं राहणं आणि जिने चढणं-उतरणं. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली, शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू बसवले, गुडघ्याच्या खाली प्लास्टर आणि सहा आठवडे वॉकर.

आधी फरक काढा

शरीर नुसतं पडून राहिलं तरी श्वास, रक्ताभिसरण आणि शरीराची ऊब यांसाठी ऊर्जा खर्च होते. तिचा अंदाज असा काढतात: वजनाला (किलो) १० ने गुणा, त्यात उंचीला (सेंटिमीटर) ६.२५ ने गुणून येणारा आकडा मिळवा आणि वयाची पाचपट वजा करा. स्त्रियांनी त्यातून आणखी १६१ वजा करायचे, पुरुषांनी ५ मिळवायचे. या बाईंचं गणित: ७२० अधिक १०००, वजा २३०, वजा १६१. उत्तर १३२९ कॅलरी.

आता हालचाल. दिवसभर उभ्याचं, फिरतं काम असेल तर या आकड्याला साधारण १.४ ने गुणायचं. जवळजवळ पूर्ण दिवस बसून असाल तर १.२ ने. म्हणजे अपघाताआधी त्यांना दिवसाला सुमारे १८६० कॅलरी लागत होत्या आणि आता सुमारे १६०० लागतात. फरक अडीचशेच्या आसपास.

त्यांनी पूर्वीइतकंच जेवण ठेवलं आणि काहीही बदललं नाही, तर सहा आठवड्यांत साडेदहा हजार कॅलरी शिल्लक राहतील. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. त्या हिशोबाने वाढ होईल सव्वा ते दीड किलो. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी मनाशी आठ-दहा किलो धरले होते.

एवढ्या काळात वजन पाच-सहा किलोंनी वाढलंच, तर ते न चालण्यामुळे वाढलेलं नसतं. जास्तीचं कुठून तरी पोटात जात असतं, किंवा अंगात पाणी साठत असतं, किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असतो. हे वेगळं करता आलं की उपायही वेगळा करता येतो.

हे सूत्र अंदाजच आहे. दोन-चार आठवड्यांत मोजमापं काय सांगतात ते पाहून आकडा शंभर-दीडशेने वरखाली करावा लागतो.

पहिले दोन ते तीन आठवडे: वजन कमी करू नका

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. वजन मुळात जास्त असलं, डॉक्टरांनी आधीपासून कमी करायला सांगितलेलं असलं, तरी शस्त्रक्रियेनंतर किंवा हाड मोडल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे वजन उतरवण्याचा प्रयत्न करू नये. जखम भरते आहे, हाडाच्या टोकांमध्ये नवं ऊतक तयार होतं आहे आणि त्याच वेळी न वापरलेल्या पायाचा स्नायू झपाट्याने झिजतो आहे. मांडीचा स्नायू पाच-सहा दिवस वापरला नाही तरी त्याचा आकार आणि ताकद मोजण्याइतकी घटते. अशा वेळी जेवण तोडलं तर शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरतं, आणि गेलेला स्नायू परत मिळवायला गमावण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

या काळातलं उद्दिष्ट एवढंच: नव्या गरजेइतकं खायचं, म्हणजे या बाईंसाठी साधारण १६०० कॅलरी. त्यातही पहिली जागा प्रथिनांची.

प्रथिनं किती? हाड आणि जखम भरून येताना रोज प्रत्येक किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम. ७२ किलोला कमीत कमी ८५ ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा स्वतःहून वाढवायचा नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. वजन खूप जास्त असेल तर पूर्ण वजनावर हिशोब न करता आहारतज्ज्ञाकडून आकडा ठरवून घ्यावा.

८५ ग्रॅम एका जेवणात बसत नाहीत, आणि बसवूही नयेत. प्रत्येक मोठ्या जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम असली की स्नायूंना त्यांचा चांगला उपयोग होतो. या बाईंचा दिवस आम्ही असा बांधला. सकाळी दोन अंडी आणि पाव लिटर दूध, म्हणजे वीस ग्रॅम. दुपारी घट्ट डाळ, मोठी वाटीभर दही आणि सोबतच्या धान्यातून येणारी थोडी, मिळून चोवीसच्या आसपास. मधल्या वेळी आणखी एक पेला दूध आणि मूठभर भाजलेले चणे, चौदा. रात्री शंभर ग्रॅम शिजवलेलं चिकन किंवा मासे आणि थोडं धान्य, अठ्ठावीस-तीस. मांसाहार नसेल तिथे रात्री शंभर ग्रॅम पनीर आणि डाळ. सोयाबीनच्या वड्या किंवा टोफूही चालतात. दुधातून आणि दह्यातून हाडाला लागणारं कॅल्शियमही मिळतं. ड जीवनसत्त्वाची पातळी रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवावी. बाहेर ऊन मिळत नाही म्हणून आपल्या मनाने मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत.

अडीचशे कॅलरी कुठून काढायच्या

प्रथिनं कायम ठेवायची म्हटलं की कपात करण्यासाठी साखर, तेल आणि पिष्टमय पदार्थांची जास्तीची वाढ एवढंच उरतं. आणि तेवढं पुरेसं असतं.

त्या बाई दिवसात पाच वेळा चहा घेत होत्या. आधी तीन वेळा घ्यायच्या. घरी बसल्यावर पाच झाले, कारण कुणीही भेटायला आलं की सगळ्यांसाठी चहा ठेवला जायचा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. एक लहान चमचा साखर पाच ग्रॅम, म्हणजे वीस कॅलरी. दहा चमच्यांच्या दोनशे. बसून राहिल्यामुळे पडलेला जवळजवळ सगळा फरक त्या साखरेत होता. त्यांनी चहा सोडला नाही. साखर अर्ध्या चमच्यावर आणली आणि दोन कप कमी केले. उरलेल्यासाठी रात्रीच्या भाताची दुसरी वाढ थांबवली. बाकी काही बदललं नाही.

तुमच्याकडे ते साखरेत नसेल, दुसरीकडे असेल. तीन दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहून काढा, उशाशी ठेवलेल्या डब्यातल्या दोन-दोन बिस्किटांसकट. पडून असलेल्या माणसाच्या हाताशी खाणं ठेवणं ही घरच्यांची माया असते, पण दिवसभर हात त्याच डब्याकडे जातो. डबा स्वयंपाकघरात जाऊ द्या. उशाशी पाण्याची बाटली ठेवा आणि भूक लागल्यावर खायचं म्हणून मोजून काढलेली एकच वाटी.

पाण्याबद्दल

हे वेगळं लिहिते, कारण लोक आपणहून सांगत नाहीत. वॉकर घेऊन शौचालयापर्यंत जाणं त्रासाचं असतं, रात्री कुणाला उठवायला संकोच वाटतो, म्हणून लोक पाणी पिणंच कमी करतात. मग बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते. वेदनेच्या तीव्र गोळ्यांनी आतडी आधीच सुस्तावलेली असतात. उपाय पाणी तोडण्याचा नाही. दिवसाच्या पहिल्या भागात जास्त प्या, संध्याकाळनंतर घोटघोट घ्या, आणि रात्रीसाठी पलंगाजवळ कमोडची खुर्ची किंवा भांड्याची सोय मागून घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर तीच पाळायची.

काटा काय सांगतो आणि काय नाही

प्लास्टर असताना वजन करणं अवघड असतं, आणि केलं तरी आकडा फसवू शकतो. प्लास्टरचं स्वतःचं वजन असतं आणि ते बदलतं. दोन आठवड्यांनी टाके काढताना कच्चं प्लास्टर काढून हलकं फायबरचं घातलं की काटा खाली येतो आणि माणूस खूश होतो. म्हणून प्लास्टर बदलेल त्याच दिवशी नवं वजन लिहून तिथून पुढे मोजायचं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांतलं वजन धरूच नका. सलाइनचं पाणी आणि सूज यांनी ते फुगलेलं असतं. वॉकरवर हात टेकून काट्यावर उभं राहिलात तर जेवढा भार हातांवर, तेवढा आकडा कमी येणार. एका पायावर स्थिर उभं राहता येत असेल, जवळ धरायला माणूस असेल आणि बोटं भिंतीला नुसती टेकवून भागत असेल, तरच काट्यावर चढा. तोल जाण्याची जराही शक्यता असेल तर काटा सोडून द्या.

त्यापेक्षा शिंप्याचा टेप चांगला. आठवड्यातून एकदा, सकाळी, जेवणाआधी दोन मापं घ्यायची. एक कमरेचं: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, दर वेळी त्याच स्थितीत. दुसरं मांडीचं: गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर, दोन्ही पायांचं. प्लास्टर मांडीपर्यंत असेल तर दुखऱ्या पायाचं माप अर्थातच घेता येणार नाही; मग चांगल्या पायाचं आणि कमरेचं घ्या.

आपल्या उदाहरणात तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला बाईंचा फोन आला. "दीड किलो उतरलं!" आवाजात आनंद होता. मी मापं विचारली. कंबर होती तेवढीच. दुखऱ्या बाजूची मांडी दोन सेंटिमीटर कमी, आणि चांगल्या बाजूचीही अर्धा सेंटिमीटर. उतरलेल्यात थोडं सुजेचं पाणी होतं, थोडा प्लास्टर बदलल्याचा फरक होता, पण चांगली मांडीही बारीक होते आहे याचा अर्थ खाणं कमी पडतंय. खोदून विचारल्यावर कळलं, त्या रात्री जेवतच नव्हत्या. स्वयंपाक नणंद करत होती, ती दिवसभराची कामं उरकून दमलेली असायची, तिला आणखी कशाला त्रास, म्हणून "भूक नाही" म्हणून सांगायच्या. मी नणंदेशीही बोलले. ती म्हणाली, "वहिनींनी सांगितलं असतं तर मी दुपारचंच बाजूला काढून ठेवलं असतं!" त्या दिवसापासून तेच झालं. दुपारीच रात्रीची डाळ आणि पनीर वेगळं निघायचं, संध्याकाळी फक्त गरम करायचं.

दुसऱ्याच्या हातचं खाण्याची वेळ येते तेव्हा आहाराचा तक्ता रुग्णाइतकाच स्वयंपाक करणाऱ्यासाठी असतो. "कमी तेलात कर" असं मोघम न सांगता "माझ्या भाजीला दोन लहान चमचे तेल" असं मोजून सांगा, आणि तो कागद स्वयंपाकघरात लावा.

हालचाल: कशासाठी आणि किती

बसल्या जागी केलेल्या हातांच्या व्यायामाने वीस मिनिटांत जेमतेम पन्नासेक कॅलरी जादा जळतात. तेव्हा जेवणाची भरपाई म्हणून हा व्यायाम करू नका. स्नायू टिकवण्यासाठी, रक्तातली साखर आटोक्यात राहण्यासाठी आणि वॉकरवर शरीर पेलायची ताकद राहण्यासाठी मात्र तो फार मोलाचा आहे. कुठलाही प्रकार सुरू करण्याआधी तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञाने किंवा फिजिओथेरपिस्टने हो म्हटलेलं असलं पाहिजे. कुठलं हाड कसं बसवलं आहे ते त्यांनाच माहीत असतं.

त्या बाईंना फिजिओथेरपिस्टने चार गोष्टी दिल्या. मांडी आवळून पाच सेकंद धरायची आणि सोडायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्लास्टर असलेला पाय झोपून सरळ वर उचलायचा. हात असलेल्या, चाकं नसलेल्या भक्कम खुर्चीत बसून, तळहात दाबून शरीर जरा वर उचलायचं; हे पहिल्या दिवशी तीनदाच जमलं, शेवटी बारा वेळा. आणि चौथी गोष्ट लोकांना नेहमी आश्चर्याची वाटते: चांगल्या पायाचा जोराचा व्यायाम, रबरी पट्टा लावून गुडघा सरळ करणं. एका पायाला ताकदीचा व्यायाम दिला की बांधलेल्या पायाची ताकदही कमी घटते, कारण ताकदीचा काही भाग स्नायूत नसून त्याला आज्ञा देणाऱ्या मज्जासंस्थेत असतो.

जोर किती हवा? व्यायाम करताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका. दुखऱ्या जागी नवी कळ उठली तर तो प्रकार थांबवायचा.

इथेच एक इशारा. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. प्लास्टरच्या आत वेदना वाढतच चालली, बोटं बधिर किंवा निळसर झाली, तर तेही तितकंच तातडीचं. दोन्हींत वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचं.

हिशोब जुळत नसेल तेव्हा

खाणं लिहून पाहिलं, ते गरजेइतकंच आहे, तरी कंबर दर आठवड्याला वाढते आहे असं दिसलं तर औषधांची यादी काढा. स्टिरॉइड भूक वाढवतात आणि पाणी धरून ठेवतात. नसांच्या वेदनेसाठी दिलं जाणारं प्रीगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिन, आणि झोप व वेदनेसाठीचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, यांनीही काहींचं वजन वाढतं. यातलं कुठलंही एकदम बंद करायचं नाही. मापांची वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि पर्याय आहे का विचारायचं. वही समोर ठेवली की हे बोलणं सोपं होतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर जखम कोरडी असेल, ताज्या एक्स-रेवर डॉक्टर समाधानी असतील आणि वजन मुळात जास्त असेल, तर दिवसाला आणखी दोनशे कॅलरी कमी करायला हरकत नाही. त्याने आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅम उतरतात. याहून वेगाची अपेक्षा या काळात ठेवू नये.

ज्यांचा काळ सहा आठवड्यांचा नाही

मज्जारज्जूची इजा, पक्षाघात, पाय काढावा लागणं अशा कारणांनी हालचाल कायमची मर्यादित असेल तर वरची पद्धत तीच, पण दोन आकडे बदलतात. मज्जारज्जूच्या इजेनंतर इजेखालचा स्नायू कमी होतो, म्हणून वर दिलेलं सूत्र गरज जास्त दाखवतं. तिथे बीएमआयची नेहमीची २५ची रेषाही चालत नाही. २२च्या वर गेलं की चरबी जास्त असू शकते असं धरतात. गुडघ्याखालून पाय गेला असेल तर आताचं वजन ०.९४ ने भागून मग बीएमआय काढायचा, कारण गेलेला भाग शरीराच्या जवळपास सहा टक्के असतो. काट्यावर उभं राहता येत नसेल तर पुनर्वसन केंद्रातल्या व्हीलचेअरच्या सपाट काट्यावर खुर्चीसकट वजन करून, नंतर रिकाम्या खुर्चीचं वजा करतात. उशी, पिशवी, बूट दोन्ही वेळा तेच असले पाहिजेत.

पाय टेकल्यावर

सातव्या आठवड्यात त्या बाईंना थोडा भार द्यायची परवानगी मिळाली. कंबर सुरुवातीइतकीच होती, वजन सुरुवातीच्या धरलेल्या आकड्यापेक्षा अर्धा किलो जास्त. चालायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात घोटा संध्याकाळी सुजायचा आणि काटा आणखी पाऊण किलो वर गेला. त्या घाबरल्या. ते पाणी होतं. पाय उशीवर उंच ठेवून झोपल्यावर सकाळी सूज उतरलेली असायची. जेवणात आम्ही काहीच बदललं नाही. दुखऱ्या मांडीचं माप चांगल्या मांडीच्या एक सेंटिमीटर जवळ येईपर्यंत ८५ ग्रॅम प्रथिनं तशीच चालू ठेवली, आणि वजन उतरवायची योजना त्यानंतर सुरू केली.